मदत हवी आहे: विमा कंपनीला पाठवायचं स्मरणपत्र नेमकं कसं लिहू?

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा रीइम्बर्समेंट क्लेम आहे. मंजुरीपत्रातली रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम जुळत नाही. आधीच्या मेलमध्ये "बरेच दिवस झाले, पूर्ण पैसे मिळाले नाहीत" असं होतं. त्यावर "आपला क्लेम सेटल झाला आहे" एवढंच उत्तर आलं. त्यांच्या नोंदीत फाइल बंद आहे, म्हणून वाद क्लेमचा नसून फरकाच्या रकमेचा आहे हे पहिल्याच ओळीत दिसायला हवं. नवा मसुदा असा:

"हे पत्र क्लेमबद्दल नसून मंजूर रकमेपेक्षा कमी जमा झालेल्या २३,२०० रुपयांबद्दल आहे. क्लेमची मूळ कागदपत्रं १२ मे रोजी दिली. आपण २० मे रोजी मागितलेला डिस्चार्ज समरीचा खुलासा २७ मे रोजी पोहोचला; पोच जोडली आहे. १८ जूनच्या मंजुरीपत्रानुसार १,८४,६०० रुपयांपैकी ९,१०० रुपये अदेय वस्तूंपोटी वजा होऊन १,७५,५०० रुपये मंजूर झाले. ही वजावट मान्य आहे. मात्र २१ जून रोजी एनईएफटीने १,५२,३०० रुपयेच जमा झाले. उरलेले २३,२०० रुपये जमा करा, किंवा पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार कापले ते लेखी कळवा."

सोबत मंजुरीपत्र आणि त्या तारखेचं बँक स्टेटमेंट जोडतेय, यूटीआर क्रमांकासह.

दोन गोष्टींवर अडलेय. उशिराबद्दल बँक रेट अधिक २ टक्के व्याज याच पत्रात मागावं, की आधी मुद्दल सोडवून घ्यावं? आणि लोकपालाकडे जायची वेळ आली तर हेच पत्र तक्रार म्हणून धरतील, की तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे वेगळं द्यावं लागेल? ज्यांनी असा फरक वसूल केलाय त्यांनी कृपया सांगा.