मदत हवी आहे: पॉडकास्टचा एआय सारांश ट्रान्सक्रिप्टशी कसा ताडून पाहायचा?

घाईत_आहे: मंडळी, एका पॉडकास्टचा एआयने काढलेला सारांश आहे, ट्रान्सक्रिप्टही आहे. सारांश बरोबर आहे की नाही ते उद्या सकाळपर्यंत सांगायचंय. झटपट पद्धत सांगा. "पूर्ण ऐक" असं कृपया कुणी सांगू नका.

काटेकोर: केवढा एपिसोड? कुठल्या भाषेत? ट्रान्सक्रिप्ट कुणी टाइप केलंय की आपोआप आलंय? आणि सारांशाचं पुढे करणार काय?

घाईत_आहे: मराठी, अर्थातच. 2 तास 40 मिनिटं, झोपेवर एका डॉक्टरांची मुलाखत. ट्रान्सक्रिप्ट व्हिडिओखाली मिळतं तेच, आपोआप आलेलं. सारांशात 14 मुद्दे आहेत आणि तो न्यूजलेटरमध्ये जाणार आहे.

शोधक: एवढं काय त्यात? प्रत्येक मुद्द्यातला मुख्य शब्द Ctrl+F ने शोधायचा. सापडला की बरोबर, नाही सापडला की मुद्दा उडवायचा. अर्ध्या तासाचं काम.

मीटिंगवाला: आमच्या ऑफिसात मीटिंगचा सारांश असाच येतो. न बोललेली कामं माझ्या नावावर पडतात! यावर कुणाकडे उपाय आहे का?

काटेकोर: @शोधक, शब्द सापडला म्हणजे विधान सापडलं असं नाही. घाईत, एखादा मुद्दा ट्रान्सक्रिप्टच्या ओळींसकट इथे टाका.

घाईत_आहे: मुद्दा 6: "डॉक्टरांच्या मते दुपारी दोननंतर कॉफी पूर्ण बंद करावी." ट्रान्सक्रिप्टमध्ये आहे हे:

```
1:12:38 हल्ली सगळे सांगतात दोननंतर कॉफी
1:12:42 पूर्ण बंद करा मी असं
1:12:45 कुणालाच सांगत नाही ज्यांना झोप
1:12:49 लागत नाही त्यांनी करून बघावं
```

काटेकोर: बघा, शब्द सगळे आहेत आणि अर्थ उलटा. ते लोकांचं म्हणणं सांगून ते खोडून काढतायत. विरामचिन्हं नाहीत, कोण बोलतंय त्याची खूण नाही, त्यामुळे सारांशाने ते त्यांच्याच नावावर टाकलं. "यांच्या मते", "सर्वांनी", "पूर्ण", "नेहमी" असे शब्द असलेले मुद्दे आधी घ्या. मूळ बोलण्यातलं "कदाचित", "काही जणांना" सारांशात हमखास गळतं.

एका मुद्द्यात दोन-तीन विधानं कोंबलेली असतात, ती सुटी करा. प्रत्येकापुढे वेळ लिहा, तिथली मागची-पुढची दोन मिनिटं वाचा आणि शेरा मारा: आधार आहे, उलट आहे, सापडत नाही. शोधताना पूर्ण वाक्य टाकू नका. ओळी मध्येच तुटतात, त्यामुळे वाक्य असूनही सापडत नाही. एखादा वेगळा शब्द टाका. तोही नाही मिळाला तर त्याच अर्थाचा दुसरा टाकून बघा, कारण सारांश स्वतःचे शब्द वापरतो. @शोधक, म्हणून लगेच मुद्दा उडवायचा नसतो.

दुहेरी: त्यापेक्षा दुसऱ्या टूलकडून सारांश काढा. दोन्हीकडे जुळेल ते खरं. मी हेच करतो.

काटेकोर: दोघेही तेच ट्रान्सक्रिप्ट वाचणार. त्यातच चूक असेल तर दोघांचं एकमत होईल, पण चुकीवर.

दुहेरी: निदान सुटलेले मुद्दे तरी कळतील ना?

काटेकोर: काही कळतील, ते मान्य. पण त्यासाठी उलट दिशेने जावं. ट्रान्सक्रिप्टच्या दर दहा मिनिटांना एक ओळ लिहायची, विषय काय होता एवढीच. इथे साधारण 16 ओळी होतील. मग कुठल्या ओळीला सारांशात जागाच नाही ते बघायचं. लांब एपिसोडमध्ये मधला भाग बऱ्याचदा असा कोरडा राहतो.

घाईत_आहे: हे करायला घेतलं. दीड तासानंतरच्या सलग तीन ओळींचं सारांशात काहीच नाही, तिथे ते शिफ्ट ड्युटीवाल्यांबद्दल बोलतायत. आणि मुद्दा 11 मधलं "झोपेआधी मॅग्नेशियमचं पेय घ्यावं" हे मधल्या जाहिरातीत होस्ट बोललाय! आता मुद्दा 9: "50 मिनिटांची डुलकी". ट्रान्सक्रिप्टमध्ये "फिफ्टी मिनिट" आहे, म्हणजे हा बरोबर धरू?

काटेकोर: आकडे, नावं आणि औषधांचे डोस कानाने तपासा. त्या वेळेवर जाऊन दहा सेकंद ऐका.

घाईत_आहे: ऐकलं. "फिफ्टीन" म्हणतायत.

शोधक: मग चूक ट्रान्सक्रिप्टची. सारांश ट्रान्सक्रिप्टशी ताडायचा होता, तो जुळतो. मुद्दा बरोबर.

काटेकोर: न्यूजलेटर वाचणाऱ्याला ट्रान्सक्रिप्टशी काय देणंघेणं? डॉक्टरांच्या तोंडी 50 गेलं ना.

शोधक: प्रश्न काय विचारला होता ते वर जाऊन वाचा.

घाईत_आहे: भांडू नका. 9 ला "आकडा ऑडिओवरून सुधारला" असा शेरा मारतो. मुद्दा 13 चा आधार अजून कुठेच सापडत नाही, "डॉक्टर भविष्याबद्दल आशावादी आहेत" म्हणे. हे तपासायचं कसं?

मीटिंगवाला: माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का?