बँकेतून पैसे कट, वॉलेटमध्ये शून्य: लगेच डिस्प्यूट टाकायचा का?

नवखा: बेटिंग साइटवर कार्डने डिपॉझिट केलं. बँकेतून पैसे कट झाले, वॉलेटमध्ये काहीच नाही. साइट म्हणते आलंच नाही, बँक म्हणते गेलं. कोणाला धरू?

कट्टेकर: बँकेत डिस्प्यूट टाक, म्हणजे पैसे परत मिळवायचा दावा कर, आणि मोकळा हो. साइटवाले नुसतं फिरवत ठेवतात.

हिशोबी: घाई नको. मी पेमेंट जुळवण्याच्याच कामात आहे. आधी स्टेटमेंटमध्ये बघ, एन्ट्री पेंडिंग आहे की पोस्टेड. पेंडिंग असेल तर बँकेने पैसे फक्त अडवून ठेवलेत, समोरून मागणी आली नाही तर काही दिवसांत आपोआप सुटतात. पोस्टेड, म्हणजे पक्की झालेली असेल तर बँकेच्या कार्ड विभागाकडून एआरएन, म्हणजे व्यवहार शोधायचा नंबर माग, २३ आकडी असतो. हा नंबर निघाला म्हणजे साइटच्या बाजूच्या बँकेने पैशांची मागणी केलेली आहे, मग "आलंच नाही" एवढ्यावर त्यांना सुटता येत नाही.

आमच्याकडे एक केस आली होती. पेज अडकलं म्हणून गिऱ्हाइकाने ९:४१ ला एकदा आणि ९:४४ ला परत बटण दाबलं. पहिलं पेमेंट बँकेने मंजूर केलं पण उत्तर साइटपर्यंत पोचलंच नाही, दुसरं नाकारलं गेलं, आणि सपोर्टवाला त्या दुसऱ्याकडेच बघून "फेल आहे" सांगत बसला. एआरएनवरून प्रोसेसरच्या, म्हणजे पेमेंट पोचवणाऱ्या मधल्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये पहिलं सापडलं. म्हणून चॅट नको, मेलच कर, त्यात युजर आयडी, रक्कम, वेळ, एआरएन आणि स्टेटमेंटवरचं नाव जसंच्या तसं टाक (ते बऱ्याचदा मधल्या प्रोसेसरचं असतं), आणि फायनान्स टीमकडे पाठवा असं स्पष्ट लिही.

संध्याकाळ: माझेपण अडकलेत, विड्रॉल टाकलाय तर कागदपत्रं मागतायत.

हिशोबी: ते वेगळं आहे, पैसे त्यांच्याकडेच आहेत. तिथे एआरएन शोधून उपयोग नाही.

कट्टेकर: आणि मेल करता करता मुदत संपली तर?

हिशोबी: व्हिसा, मास्टरकार्डवर अशा तक्रारीला साधारण १२० दिवस असतात, पण तुझी बँक कमीही ठेवू शकते, आजच विचारून घे. साइटला एक-दोन आठवड्यांची तारीख दे, नंतर डिस्प्यूट. कारण "सेवा मिळाली नाही" हेच लिही. "मी व्यवहार केलाच नाही" लिहिलंस तर ते खोटं ठरतं, कार्डही ब्लॉक होतं. आणि मधेच पैसे वॉलेटमध्ये आले तर बँकेला कळव.

नवखा: पोस्टेडच आहे. त्याच वॉलेटमध्ये माझी जुनी शिल्लक आहे, तिचं काय?

हिशोबी: ती आधी काढ. डिस्प्यूट पडला की बऱ्याच साइट अख्खं खातं गोठवतात.

कट्टेकर: हेच मला पटत नाही. आपलेच पैसे मागितले म्हणून बाकीचे का अडकवायचे? मी तर तरीही पहिल्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार देईन, निदान तारखेचा पुरावा राहतो.

हिशोबी: लेखी तक्रार दे की, त्याला माझी ना नाही. डिस्प्यूट तेवढा एआरएन हातात आल्यावर.