मदत हवी आहे: माती तपासायच्या किटला नाव सुचवा

नमस्कार मंडळी. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यांसाठी आम्ही एक छोटं किट तयार केलंय. दहा ग्रॅम माती, पंचवीस मिली डिस्टिल्ड वॉटर, हलवून अर्धा तास ठेवायचं, वरचं निवळलेलं पाणी नळीत घेऊन द्रावणाचे थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. त्यावरून सामू कळतो. दुसऱ्या नळीत सेंद्रिय कर्ब कमी, मध्यम की जास्त एवढंच. बस्स, या दोनच चाचण्या.

नाव असं हवं की डबा पाहताच काम कळावं. इथेच अडलंय. 'मृदामित्र' ठेवलं तर गावात एका काकूंनी विचारलं, "चेहऱ्याला लावायचंय का?" 'माती डॉक्टर' ऐकून एकजण मर लागलेलं हरभऱ्याचं रोप घेऊन आला. 'खतमाप' सगळ्यांना लगेच समजलं, पण ते खोटं ठरेल. आमचं किट नत्र, स्फुरद, पालाश मोजत नाही, मग युरियाच्या गोण्या किती ते कुठून सांगणार? जस्त, लोहासाठी तर प्रयोगशाळाच गाठावी लागते.

सरळ 'माती परीक्षण किट' लिहावं, तर निव्वळ वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 मुळे सहसा नोंदवता येत नाही.

सध्या मन 'मातीरंग'वर आहे, खाली बारीक अक्षरात 'सामू आणि कर्ब घरीच तपासा'. पण रंगाचं दुकान वाटेल का? विदर्भ, खानदेश, कोकणातल्यांनी जरूर सांगा: तुमच्याकडे 'सामू' म्हणतात, की थेट 'पीएच'?