पीई ४ म्हणजे चार वर्षांत पैसे वसूल?

मूळ पोस्ट: शेअरचा पीई म्हणजे किती वर्षांच्या नफ्याएवढे पैसे आपण आज मोजतोय. पीई ४ असेल तर चार वर्षांत वसूल, ४० असेल तर नातवाला वसूल. उगाच गुंता करू नका.

जुना_दलाल: "मोजतोय" इथपर्यंत बरोबर, "वसूल" म्हणालात तिथे घसरलात. शेअरच्या भावाला भागतात ते सरलेल्या वर्षाच्या शेअरमागच्या नफ्याने. टाटा स्टील बघा. मार्च २०२२ अखेर भाव साधारण १३००, शेअरमागे कमाई ३३० च्या आसपास. पीई ४! त्या वर्षी नफा ४१ हजार कोटींवर, पुढच्या वर्षी ८ हजार कोटी, त्यापुढे चक्क तोटा. आता तोट्याचा पीई काढा बरं. पोलाद-साखरेच्या धंद्यात नफा शिखरावर असतो तेव्हाच पीई सगळ्यात स्वस्त दिसतो. तिथे सात-दहा वर्षांच्या सरासरी नफ्याने भागावं.

सातारी_कंदी: म्हणजे पीई जास्त असेल तेव्हा घ्यायचं? उलटी गंगा!

जुना_दलाल: अशा धंद्यात बऱ्याचदा, हो.

चाळकरी: शेअरचं सोडा. आमचा फ्लॅट आज एक कोटीचा, भाडं महिना २५ हजार. ३३ वर्षांचं भाडं! हा पीई कुणाला टोचत नाही?

मीनाक्षी_ठाणे: मेंटेनन्स, घरपट्टी, दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने धरा, ४० च्या वर जाईल. माझ्या भाडेकरूने जाताना गीझरसुद्धा काढून नेला.

चाळकरी: पण भाडं माझ्या खात्यात येतं. कंपनीचा नफा कुणाच्या खात्यात येतो? मला लाभांश मिळाला शेअरमागे दोन रुपये. "वसूल" म्हणे!

सातारी_कंदी: घर हे घर असतं हो. त्याला पीई लावणाऱ्यांनी तंबूत राहावं.

मीनाक्षी_ठाणे: तंबूचंही भाडं असतं, काका.

मूळ पोस्टवाला: धागा माझा आणि गप्पा गीझरच्या! नवख्याला कळावं म्हणून सोपं लिहिलं, तर लगेच मास्तरकी. आणि दलालसाहेब, तोटा होऊनही तो शेअर पडला कुठे? मध्ये एका शेअरचे दहा तुकडे झाले, तरी मार्च २०२४ ला दीडशेच्या वरच होता. म्हणजे जुने पंधराशे.

जुना_दलाल: हा मुद्दा मात्र मान्य, नाइलाजाने. ४१ हजार कोटी टिकणार नाहीत हे बाजाराने आधीच धरलं होतं, म्हणून तर पीई ४ होता. पण मग तुमचं "चार वर्षांत वसूल" कुठे राहिलं? आणि ४० पीईवाल्याचा नफा दरसाल १५ टक्क्यांनी वाढला तर बेरीज १४ वर्षांतच भरते. नातवाची वाट बघायला नको.

मूळ पोस्टवाला: १४ वर्षं सलग १५ टक्के वाढणारी कंपनी आधी दाखवा, मग पोस्ट बदलतो.

चाळकरी: आणि गीझरचं काय झालं?