कुटुंबाचा ग्रुप : बाबांच्या इको रिपोर्टविषयी

निखिल : बाबा, रिपोर्टचा फोटो पाहिला. ५८ टक्के म्हणजे उरलेले ४२ टक्के हृदय काम करत नाही का? आणि ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

बाबा : चि. निखिल यास अनेक आशीर्वाद. सर्वांनाच कळावे म्हणून येथेच सविस्तर लिहितो.

पर्वती चढताना अलीकडे मला धाप लागू लागली, म्हणून डॉक्टरांनी टू-डी इको करायला सांगितले. मला डाव्या कुशीवर निजवून, छातीला गार जेल लावून, बरगड्यांच्या फटीतून ध्वनिलहरी आत सोडल्या आणि त्यांच्या प्रतिध्वनींतून हलते हृदय पडद्यावर दिसू लागले.

आता तुझे ५८ टक्के. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात आकुंचनापूर्वी १०० मिलिलिटर रक्त भरले आणि आकुंचनानंतर ४२ मिलिलिटर उरले, तर ५८ मिलिलिटर बाहेर गेले; हेच ते प्रमाण. कप्पा पूर्ण रिकामा कोणाचाच होत नाही, निरोगी तरुणाचाही साधारण ५५ ते ७० टक्केच होतो. शिवाय मोजणाऱ्यागणिक या आकड्यात चार-पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो, त्यामुळे पुढच्या वेळी ५५ आले तरी लगेच घाबरू नकोस.

दुसरी गोष्ट आकुंचनाची नसून सैलावण्याची आहे. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना जसा जोर लागतो, तसा वयाने आणि रक्तदाबाने थोडा ताठर झालेला कप्पा भरायला जड जातो. झडपेतून आत येणाऱ्या रक्ताच्या वेगाचे पडद्यावर दोन उंचवटे दिसतात : पहिला कप्पा आपोआप भरतानाचा, दुसरा वरच्या कप्प्याने शेवटी रेटा दिल्याचा. तरुणपणी पहिला उंच असतो. माझा दुसरा उंच आला आहे. माझ्या वयात हे फार जणांत आढळते. ही पहिली पायरी आहे, आत दाब वाढलेला नाही, आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे. आडवे झाल्यावर दम लागला किंवा पावलांवर सूज आली, तर मात्र मी थांबणार नाही.

मेधा (पुतणी) : काका, मग ब्लॉकेज नाही असे समजायचे ना?

बाबा : नाही, मेधा, तसा अर्थ काढता येणार नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून किती अरुंद झाल्या आहेत, हे इकोत दिसत नाही. पूर्वी झटका येऊन स्नायू दुखावला असेल, तर त्या जागची भिंत कमी हलताना दिसते. माझ्या सगळ्या भिंती नीट हलत आहेत, पण मी तेव्हा स्वस्थ पडून होतो. वाहिनी अरुंद असूनही विश्रांतीच्या वेळी रक्त पुरू शकते आणि चढावर कमी पडू शकते. माझा त्रास चढावरचाच आहे, म्हणून डॉक्टरांनी ट्रेडमिलची चाचणी सांगितली आहे. ती सोमवारी आहे. तोपर्यंत पर्वती बंद, सपाटीवरचे चालणे चालू आहे.