मदत हवी आहे: सगळे रावी विश्वासू, सनद सलग, तरी हदीसमध्ये इल्लत कशी काय?

आसमा_जाफरनगर

सलाम सगळ्यांना. मी आणि आमच्या गल्लीतल्या सहा-सात जणी रविवारी दुपारी एकत्र बसून हदीसचं शास्त्र शिकून राहिलो, हळूहळू, मराठीतच, कारण दोघी-तिघींना उर्दू वाचता येत नाही. आता इललच्या, म्हणजे हदीसमधल्या लपलेल्या दोषांच्या, धड्यावर आलो आणि तिथंच गाडी अडली.

सरावासाठी एक सनद, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांची साखळी, दिली होती. यअला बिन उबैद, त्यांनी सुफियान सौरींकडून, त्यांनी अम्र बिन दीनारकडून, त्यांनी इब्न उमर यांच्याकडून आणि त्यांनी रसूलुल्लाहांकडून (स.) ऐकलं. मजकूर असा की सौदा करणारे दोघं एकमेकांपासून वेगळे होत नाहीत तोवर दोघांनाही सौदा मोडायची मुभा असते. मी एकेक रावी, म्हणजे सांगणारा, शोधला, चौघंही विश्वासू निघाले. मग सनं जुळवून पाहिली. अम्र बिन दीनार मक्केचे, 126 हिजरीत गेले, त्यांनी इब्न उमर यांच्याकडून ऐकलंय हे पक्कं. सुफियान 97 चे, गेले 161 ला, म्हणजे अम्र गेले तेव्हा ते चांगले एकोणतीस वर्षांचे होते. यअला 209 ला गेले. कुठंच तुटत नाही. मी खाली सहीह लिहिलं.

वही परत आली तर बाजूला एकच शब्द, मुअल्लल, म्हणजे इल्लत असलेली. बाकी काही नाही. तेव्हापासून डोकं खाऊन राहिली मी स्वतःचं, कुठं चुकले तेच दिसत नाही. रविवारी मलाच समजावून सांगायचंय आणि मला स्वतःलाच कळलं नाही तर काय सांगू. एकाच सोप्या उदाहरणातून कोणी सांगेल का, प्लीज?

बर्डीचा_वाचक

ताई, माझ्या माहितीप्रमाणे रावी नेक असावा, त्याची आठवण पक्की असावी आणि साखळी तुटलेली नसावी, या तीन गोष्टी जमल्या की हदीस सहीह. इल्लत म्हणजे या तिनांपैकीच एक कुठंतरी ढिली असणार. बहुतेक तुमच्या चौघांपैकी एखाद्याला कोणीतरी जईफ, म्हणजे कच्चा, म्हटलं असेल आणि तुमच्या नजरेतून सुटलं असेल. परत एकदा चौघांची नावं तपासा.

इतवारी_कापडवाला

नमस्कार. मी कापडाच्या धंद्यातला माणूस, वीस वर्षं झाली. हे सौदा मोडायचं जे लिहिलंय ते माझ्या रोजच्या कामाचं आहे म्हणून विचारतो. गिऱ्हाईक दुकानातून निघून गेलं आणि दोन दिवसांनी थान परत घेऊन आलं तर या नियमानं मला घ्यावंच लागेल का? की दुकानातून पाय निघाला की सौदा पक्का?

जुनी_वही

आसमा बेटा, तुझं काम चुकलं नाही, अर्धं झालंय. बर्डीवाले भाऊ, तुमच्या तीन अटी बरोबर आहेत पण अटी पाच आहेत. रिवायत आपल्याहून भक्कम लोकांच्या उलट जाणारी नसावी आणि तिच्यात लपलेली इल्लत नसावी, या दोन राहिल्या. गंमत अशी की पहिल्या तीन एका सनदीकडं पाहून तपासता येतात, या दोन मात्र एका सनदीकडं कितीही पाहिलं तरी दिसत नाहीत. म्हणून चौघांची नावं परत तपासून काहीच हाती लागणार नाही.

मग दिसतं कशानं? बाकीच्या सनदी शेजारी मांडल्यावर. बुखारींचे उस्ताद अली बिन मदीनी म्हणून गेलेत की एखाद्या विषयाच्या सगळ्या वाटा गोळा केल्याशिवाय त्यातली चूक उघडी पडत नाही. आता तेच कर. चौघांतला मधला माणूस पकड, सुफियान सौरी. हीच हदीस त्यांच्याकडून यअलाशिवाय आणखी कोणी ऐकली? अबू नुऐम फज्ल बिन दुकैन आहेत, मुहम्मद बिन यूसुफ फिरयाबी आहेत, मख्लद बिन यजीद आहेत. एकाच उस्तादाचे शागीर्द, एकच हदीस. तिघांच्याही सनदीत सुफियानच्या पुढचं नाव काय आहे ते बघ. अब्दुल्लाह बिन दीनार. अम्र नाही.

फिरयाबींची तर सहीह बुखारीतच सापडेल, सौद्याच्या प्रकरणात. आधी स्वतः उघडून बघ, मग पुढचं बोलू.

आसमा_जाफरनगर

पाहिलं काका. खरंच अब्दुल्लाह बिन दीनार आहे! मी ते नाव आधी वाचलंही असेन आणि "बिन दीनार" दिसलं म्हणून तेच समजून पुढं गेले असेन.

पण आता नवीन प्रश्न. मी शोधलं तर सुफियान सौरी अम्र बिन दीनारचेही शागीर्द निघाले. मग असं काहून नाही होऊ शकत की त्यांनी ही हदीस दोघांकडूनही ऐकली, तिघांना एक नाव सांगितलं आणि यअलांना दुसरं? तेव्हा कोणीच चुकलं नाही नं.

बर्डीचा_वाचक

पाच अटींचं मान्य, माझं अपुरं होतं. पण मग हे सरळ बहुमत झालं नं काका? तीन विरुद्ध एक. माझ्या कॉलेजातलं उदाहरण सांगतो, आम्हाला दोन देशमुख सर होते, एक इतिहासाचे एक भूगोलाचे, आणि चार पोरांच्या नोट्समध्ये एकानं दुसऱ्याच देशमुखांचं नाव टाकलं तर आम्ही तिघांचं धरायचो.

जुनी_वही

देशमुखांचं उदाहरण छान आहे, रविवारी तेच घे बेटा. पण बहुमत म्हणू नका. कधी एकटा माणूस बरोबर असतो आणि चौघं चुकतात, कारण त्या चौघांनी एकमेकांचंच उचललेलं असतं किंवा तो एकटा त्या उस्तादाच्या बैठकीत सगळ्यात पक्का असतो. डोकी मोजून हे शास्त्र चालत नाही.

आसमाचा प्रश्न मात्र अगदी मुद्द्यावर बोट ठेवणारा आहे, दोघांकडून ऐकलं असेल ही शक्यता खरोखरच तपासावी लागते. इथं ती का टिकत नाही ते सांगतो. यअला बिन उबैद विश्वासू हे खरं, पण यह्या बिन मईन यांनी त्यांच्याबद्दल एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, की सुफियानकडून सांगताना ते कच्चे आणि बाकी सगळ्यांकडून सांगताना पक्के. म्हणजे माणूस सरसकट जईफ नाही, एका ठरावीक उस्तादाच्या बाबतीतच त्याची पकड ढिली. तू रावीचं पान उघडून "सिका" वाचलंस आणि बंद केलंस, पुढचं अर्धं वाक्य राहून गेलं असणार. असं माझंही पुष्कळदा झालंय.

आता सगळं एकत्र ठेव. जो माणूस सुफियानच्या बाबतीत कच्चा, तोच सुफियानकडून एकटा वेगळं नाव घेतो, आणि सुफियानचे भक्कम शागीर्द एका नावावर ठाम. वर आणखी एक, सुफियान बाजूला ठेव आणि अब्दुल्लाह बिन दीनारच्या दुसऱ्या शागीर्दांकडं जा. इस्माईल बिन जाफर हीच हदीस थेट त्यांच्याकडून सांगतात, ती सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे ही हदीस अब्दुल्लाह बिन दीनारकडं होती हे सुफियानशिवायही सिद्ध होतं. अम्रकडं तिला नेणारी वाट यअलांच्या एका वाक्यावर उभी आहे.

घसरायला जागाही तशीच होती. दोघंही बिन दीनार, दोघंही ताबिईन, म्हणजे सहाबांनंतरच्या पिढीतले, दोघांनीही इब्न उमर यांच्याकडून ऐकलेलं, दोघंही सुफियानचे उस्ताद, एक मक्केचे एक मदिनेचे, एक 126 ला गेले एक 127 ला. जीभ अब्दुल्लाहवरून अम्रवर गेली आणि साखळी तरीही निर्दोष दिसत राहिली. चुकून एखाद्या जईफ माणसाचं नाव आलं असतं तर तू पहिल्याच झटक्यात पकडली असतीस, इथं चूक एका विश्वासू माणसाच्या जागी दुसरा विश्वासू माणूस बसवून गेली.

आणि ऐक, घाबरून मजकूर टाकून देऊ नको. हदीस सहीहच आहे. इब्न सलाहनी हेच उदाहरण दिलंय ते यासाठीच, की इल्लत सनदीत असूनही मजकुराला धक्का लागत नाही, कारण खरं नाव तितकंच विश्वासू आहे.

कापडवाले भाऊ, तुमचा सवाल फिकहचा, म्हणजे धर्माच्या कायद्याचा आहे, या धाग्याचा नाही, पण थोडक्यात सांगतो. या हदीसप्रमाणे मुभा वेगळं होईपर्यंतच, दोन दिवसांनी परत आणलेल्या थानाला ती लागत नाही, त्यात खोट निघाली तर तो निराळा हक्क. इमाम शाफिई आणि इमाम अहमद "वेगळं होणं" म्हणजे जागेवरून उठून जाणं धरतात. इमाम अबू हनीफा आणि इमाम मालिक बोलणं पक्कं झालं की सौदा पक्का धरतात, आणि इमाम मालिकनी तर ही हदीस नाफेकडून स्वतः सांगितलेली आहे. तुम्ही ज्या मसलकचे असाल तिथल्या आलिमला विचारा.

इतवारी_कापडवाला

समजलं जी, धन्यवाद. माझ्याकडं भाव ठरला की मी "पक्कं नं?" असं दोनदा विचारतो, ती आमच्या वडिलांची सवय.

रात्रपाळी_कामठी

मी यात नवीन आहे, पण बैठक संपल्यावर वाचायच्या दुआची जी हदीस आहे, मजलिसचा कफ्फारा, ती इललचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण म्हणून ऐकली होती. इमाम मुस्लिमनी विचारलं आणि इमाम बुखारींनी इल्लत काढून दाखवली तो किस्सा. मग आसमाताईंनी तीच घ्यावी नं?

जुनी_वही

नावाजलेलं आहे, पण पहिल्या दिवशी नको. त्यात मूसा बिन उक्बा हे सुहैल, त्यांचे वडील आणि अबू हुरैरा अशा वाटेनं थेट रसूलुल्लाहांपर्यंत (स.) पोचवतात, आणि बुखारींचं म्हणणं असं की मूसांनी सुहैलकडून ऐकल्याचं माहीत नाही आणि वुहैब हेच सुहैलकडून, औन बिन अब्दुल्लाह यांचं स्वतःचं वाक्य म्हणून सांगतात. म्हणजे तिथं मजकुराचाच मालक बदलतो. आणि तिर्मिजींनी त्याच मूसावाल्या वाटेला सहीहही म्हटलंय. बुखारी एकीकडं, तिर्मिजी दुसरीकडं. मी स्वतः बुखारींच्या बाजूला झुकतो पण माझ्याहून जास्त शिकलेले लोक दुसरीकडं आहेत आणि त्यांच्याकडंही कारणं आहेत.

आसमा_जाफरनगर

काका, मग मी रविवारी असं करते. आधी फळ्यावर फक्त यअलांची सनद लिहीन आणि सगळ्यांना चूक शोधू देईन, कोणालाच नाही सापडणार. मग शेजारी अबू नुऐम, फिरयाबी, मख्लद यांच्या तीन सनदी एकाखाली एक लिहीन, सुफियानचं नाव चौघांत एकाच ओळीत येईल असं. मग यह्या बिन मईनचं ते वाक्य, आणि शेवटी इस्माईल बिन जाफरची वाट.

एक मात्र अजून टोचून राहिलं. समजा यह्या बिन मईननी ते वाक्य लिहून ठेवलंच नसतं, आणि यअलांनी अम्रचं नाव अब्दुल्लाहच्या जागी न घेता दोन्ही नावं घेतली असती, तर? विश्वासू माणसानं जास्तीचं काही सांगितलं तर ते घ्यायचं की नाही?

जुनी_वही

त्यावर फकीह आणि मुहद्दिस हजार वर्षं वाद घालताहेत बेटा. पुष्कळ फकीह म्हणतात घ्या, विश्वासू आहे नं. जुने मुहद्दिस म्हणतात दर वेळी वेगळं बघा, कोण सांगतोय, कोणाकडून सांगतोय, बाकीचे का गप्प आहेत. मी दुसऱ्या बाजूचा. दारकुत्नींच्या इललमधली दोन-तीन उदाहरणं काढून ठेवतो, पुढच्या आठवड्यात टाकीन, त्यात एकदा त्यांनी जास्तीचं घेतलंय आणि एकदा सोडलंय, का ते तू आधी स्वतः शोध.