एक कंस राहिला म्हणून गुण कापायचे?

निशिगंध: वाचनवेगावर प्रकल्प करणाऱ्या मुलीची गोष्ट वाचली. सरावाआधी मिनिटाला किती शब्द (B), सरावानंतर किती (C), आणि त्यावरून सुधारणेची टक्केवारी. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तिला कळलं की शीटमधल्या सूत्रात कंसच नाही:

```
=C2-B2/B2*100
```

मोजमापं सगळी बरोबर. माझ्या मते ही टायपिंगची चूक आहे. `=(C2-B2)/B2*100` असा कंस घाला, मोकळे व्हा. गुण कशाला कापायचे?

तिरकी_रेघ: टायपिंगची चूक म्हणण्याआधी हे सूत्र काय करतंय ते बघा की जरा. B2/B2 म्हणजे १, त्याला १०० ने गुणलं, उरलं C2 वजा १००. आधीचा वेग उत्तरातून पार गायब! ती सुधारणा मोजतच नव्हती, शेवटच्या आकड्यातून शंभर वजा करत होती.

आता तीन मुलं घ्या. पहिला ११२ वरून ११८ वर गेला: खरी वाढ ५.४ टक्के, तिच्या तक्त्यात १८. दुसरा ९६ वरून ११३ वर: खरी १७.७, तक्त्यात १३. तिसरा १२५ वरून १२१ वर घसरला: खरं उत्तर उणे ३.२, तक्त्यात अधिक २१. म्हणजे जो मागे गेला तो पहिला, आणि ज्याने खरी मेहनत केली तो शेवटचा. यावर तिने निष्कर्ष लिहिले असणार. ते कंस घालून बदलतात का?

निशिगंध: पण १३, १८, २१ हे आकडे बघून कोणाला शंका येणार?

तिरकी_रेघ: तोच तर घात आहे. मापं शंभर ते दीडशेच्या घरात असली की चुकीचं उत्तरही टक्क्यासारखं दिसतं. मापं चाळीसच्या आसपास असती तर सगळीकडे उणे साठ आलं असतं आणि पहिल्याच ओळीत बोंब झाली असती.

पाटीपेन्सिल: मूळ दुखणं वेगळंच आहे. कंचेभागुबेव पाठ असतं तर हे झालंच नसतं. आधी भागाकार, मग गुणाकार, मग बेरीज, शेवटी वजाबाकी. हल्ली पाठांतरच नको म्हणतात!

उणेअधिक: पाठ केलंत, पण चुकीचं. भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे. बेरीज-वजाबाकीचंही तसंच. तुमच्या क्रमाने १० − ३ + २ चं उत्तर ५ येईल. ते ९ आहे.

पाटीपेन्सिल: वजाबाकी शेवटी राहते हे खरं की नाही? इथे तेवढंच लागतं. उगाच शब्दाचा कीस पाडू नका.

उणेअधिक: इथे चाललं, नशीब तुमचं. आणि तुमच्या कंचेभागुबेवमध्ये हे बसवून दाखवा: शीटमध्ये `=-2^2` लिहिलं की ४ येतात, पायथॉनमध्ये `-2**2` चे उणे ४. कागदावरच्या नियमावर भिस्त ठेवणाऱ्यांनी कंस जास्तच घालावेत.

पाटीपेन्सिल: म्हणजे दोष शीटचा! बरं झालं सांगितलंत, मुलीला पूर्ण गुण देऊन टाका.

सारणी: माझ्या तक्त्यात कंस घालूनही काही ओळींत `#DIV/0!` येतं. आणखी एक कंस हवा का?

उणेअधिक: नाही हो. त्या ओळींत B रिकामा किंवा शून्य असणार. शून्यापासूनची वाढ टक्क्यांत सांगताच येत नाही. त्या ओळी बाजूला काढा आणि तसं लिहा.

चौकट: भांडण चालू द्या, पण कंसाची गरजच नाही. `=C2/B2-1` लिहा आणि सेलला टक्केवारीचं फॉरमॅट द्या. १०० ने गुणायचं नाही. तिने कंस विसरूनही हे फॉरमॅट वापरलं असतं तर `=C2-B2/B2` चं त्या पहिल्या मुलापुढे ११७०० टक्के दिसलं असतं आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

तिरकी_रेघ: हे पटलं. पण तपासणी तरीही हवीच. B आणि C दोन्हींत ११० टाकून पाहायचं. शून्यच यायला हवं, तिला १० आलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. ते केलं नाही म्हणून गुण कापा म्हणतोय, कंसासाठी नाही.

निशिगंध: बरं बाबा, दोन गुण कापा. प्रकल्प रद्द करू नका म्हणजे झालं.

चौकट: गुणांचं नंतर बघा. कंस घालून सूत्र खालपर्यंत ओढलं तरी अहवालात चिकटवलेला तक्ता आणि चित्र म्हणून टाकलेला आलेख जुनेच राहतात. `` Ctrl+` `` दाबून सगळी सूत्रं उघडी करा, एखाद्या ओळीत सूत्राऐवजी नुसता आकडा बसलाय का बघा, आणि आलेख नव्याने टाका.

पाटीपेन्सिल: १० − ३ + २ वर मी अजून थांबलोय. बेरीज आधी म्हणजे −३ आणि +२ ची बेरीज आधी, असं धरलं की ९ च येतात. नियम बरोबरच आहे.

उणेअधिक: अहो, तिथे तुम्ही मनातल्या मनात चिन्हासकट कंस घातलात!